चकाकीखालचा आकडा

रायपूरच्या उरल्यातल्या आमच्या खोलीत संध्याकाळी सहा-सात मुलं अभ्यासाला बसतात. बहुतेकांचे वडील जवळच्याच स्पंज आयर्नच्या किंवा रोलिंग मिलच्या कारखान्यांत कामाला आहेत. काहींच्या घरी मराठी बोलतात, कारण आजोबा कधीतरी गोंदिया-भंडाऱ्याकडून इकडे आले आणि रायपूरचेच झाले. शाळा मात्र सगळ्यांची हिंदीतून झाली. त्यामुळे घरी ‘सरासरी’ म्हणणारी मुलगी पेपरात ‘औसत’ वाचते, ‘वाढीचा दर’ तिथे ‘वृद्धि दर’ होतो.

एकदा रात्री साडेनऊला त्यांच्यातल्याच एका मुलीने मोबाइलवर एका पानाचा फोटो पाठवला. बँकेच्या परीक्षेचं सराव पुस्तक मैत्रिणीकडून एका रात्रीपुरतं मिळालं होतं, म्हणून हवी ती पानं तिने फोटोत घेऊन ठेवली होती. खाली लिहिलं होतं, “काका, पाचपैकी चार चुकले. आकडेमोड तर बरोबर आहे.” दुसऱ्या दिवशी मी तिची वही मागवून पाहिली. आकडेमोड खरंच बरोबर होती. चूक भागाकाराच्या आधी झाली होती, तक्ता वाचताना आणि प्रश्न वाचताना. हे प्रकरण त्या एका फोटोबद्दल आहे.

तक्ता चार कारखान्यांच्या पाच वर्षांच्या उत्पादनाचा होता. आकडे सरावासाठी रचलेले आहेत, अशा पुस्तकांत असतात तसेच. कोणत्याही खऱ्या कारखान्याशी त्यांचा संबंध नाही.

| कारखाना | २०१८ | २०१९ | २०२० | २०२१ | २०२२ |
|---|---|---|---|---|---|
| अ | २४० | २७० | २१६ | २५२ | ३०० |
| ब | १५० | १६५ | १३२ | १७१ | १८६ |
| क | ८० | ९६ | ८४ | १०५ | १२० |
| ड | ३२० | ३५२ | (चकाकी) | ३४२ | ३६८? |
| एकूण | ७९० | ८८३ | ७३६ | ८७० | ९७४ |

फोटोत तीन दोष होते. ट्यूबलाइट थेट पानावर पडल्याने ‘ड’चा २०२० सालचा आकडा पांढऱ्या डागाखाली गेला होता. त्याच ओळीतला शेवटचा आकडा धूसर होता. छापील पुस्तकात आकडे इंग्रजी वळणाचे असतात आणि धूसर फोटोत 3 आणि 8 सहज एकसारखे दिसतात, त्यामुळे तो 368 आहे की 363 हे कळत नव्हतं. तिसरा दोष तिच्या लक्षातही आला नव्हता. पानाची वरची कड कापली गेली होती आणि तिच्याबरोबर तक्त्याचं शीर्षकही गेलं होतं.

पहिले दोन दोष तक्ता स्वतःच भरून काढतो, कारण खाली बेरजेची ओळ आहे. २०२० च्या रकान्यात २१६, १३२ आणि ८४ मिळून ४३२ होतात. एकूण ७३६, म्हणजे चकाकीखाली ३०४ आहे. धूसर आकड्यासाठी तर पूर्ण बेरीजही लागत नाही. २०२२ च्या रकान्यातले फक्त एककाचे अंक घ्या: ०, ६, ० आणि शेवटी ८ असेल तर बेरीज १४, म्हणजे एकक ४. छापलेली बेरीज ९७४, एकक ४. जुळलं. शेवटी ३ असता तर एकक ९ आलं असतं. पाच सेकंदांत निकाल लागतो आणि डोळे ताणत बसावं लागत नाही.

या युक्तीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एककाची पडताळणी फक्त एककाची चूक पकडते. दशकाच्या जागी ३ की ८ असा संशय असेल तर दशकापर्यंत बेरीज करावी लागते. एकाच रकान्यात दोन आकडे गेले असतील, तर बेरजेवरून त्या दोघांची मिळून किती ते कळतं, वेगळं वेगळं कळत नाही. अशा वेळी अंदाज करण्यापेक्षा पान पुन्हा मागवावं. आणि तक्ता रुंद असेल, फोटो तिरका असेल, तर नजर एका ओळीवरून सुरू होऊन खालच्या ओळीवर संपते. तेव्हा पट्टीची किंवा कागदाची सरळ कड स्क्रीनवर धरून वाचलेलं बरं. या मुलीने तेवढं केलं होतं, तिच्या ओळी चुकल्या नव्हत्या.

आता प्रश्नांकडे. पहिला प्रश्न होता, २०१८ ते २०२२ या काळात कोणत्या कारखान्याच्या उत्पादनात टक्केवारीने सर्वाधिक वाढ झाली? तिने ‘अ’ लिहिलं होतं. ‘अ’ ६० ने वाढला, ‘ड’ ४८ ने, ‘क’ ४० ने, ‘ब’ ३६ ने. आकड्यांत पाहिलं तर ‘अ’ पहिलाच आहे. पण प्रश्न टक्क्यांचा होता आणि टक्के म्हणजे ज्याच्यावर वाढ झाली त्याच्याशी तुलना. ‘क’ ऐंशीवरून एकशे वीसवर गेला, म्हणजे मूळच्या दीडपट झाला, पन्नास टक्के वाढ. ‘अ’ची वाढ पंचवीस टक्के. लहान कारखान्याची थोडी वाढसुद्धा टक्क्यांत मोठी दिसते, आणि प्रश्न काढणारा असा एक लहान कारखाना तक्त्यात मुद्दाम ठेवतो.

कोणता आकडा खाली घ्यायचा, हे शोधायची खूण भाषेतच असते. मराठीत ‘पेक्षा’ किंवा ‘च्या तुलनेत’ ज्याला लागतं, तो पाया. हिंदीत ‘से’ किंवा ‘की तुलना में’ ज्याच्यानंतर येतं, तो. ‘ब’चंच पाहू. २०२० चं उत्पादन २०१९ पेक्षा किती टक्के कमी? फरक ३३, पाया १६५, उत्तर वीस टक्के. आता उलट विचारा: २०१९ चं उत्पादन २०२० पेक्षा किती टक्के जास्त? फरक तोच ३३, पण पाया १३२, उत्तर पंचवीस टक्के. आकडे दोन्हीकडे तेच, वर्षं तीच, एका ‘पेक्षा’ने जागा बदलली आणि उत्तर बदललं. मी मुलांना प्रश्नातल्या त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायला लावतो. वीस टक्के घसरलेला कारखाना जुन्या जागी परत यायचा तर पंचवीस टक्के वाढावा लागतो, हे या एका जोडीतून मुलांच्या कायमचं लक्षात राहतं.

दुसरा प्रश्न: २०२० च्या तुलनेत २०२१ मध्ये सर्वाधिक वाढीचा दर कोणाचा? इथे चकाकीखालचा ३०४ लागतो. तिने ‘ड’ला वगळून उत्तर दिलं होतं. ते बरोबर निघालं, पण त्या बरोबर उत्तराला आधार नव्हता. वाढी आहेत ‘अ’ ३६, ‘ब’ ३९, ‘क’ २१, ‘ड’ ३८. चारही भागाकार करायची गरज नाही. सोपा अपूर्णांक शोधावा. ८४ चा चौथा भाग २१, म्हणजे ‘क’ची वाढ नेमकी पाव. आता प्रत्येकाचा पाव काढून त्याच्याशी वाढ ताडून पाहा. १३२ चा पाव ३३ आणि ‘ब’ची वाढ ३९, म्हणून ‘ब’ पुढे. २१६ चा पाव ५४, ‘अ’ची वाढ ३६, मागे. ३०४ चा पाव ७६, ‘ड’ची वाढ ३८, म्हणजे निम्मीच. उत्तर ‘ब’. त्याचा दर २९.५ टक्के आहे हे काढायला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

बँकांच्या पीओ पूर्वपरीक्षेत गणिताच्या तीस-पस्तीस प्रश्नांना वीस मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी चौतीस ते चाळीस सेकंद. त्यात २९.५४ काढण्यात वेळ घालवणं परवडत नाही. तुलना विचारली असेल तर तुलनाच करावी.

तिसरा प्रश्न शेवटी घेऊ. चौथा प्रश्न सगळ्यांनाच अडवतो. चारही कारखान्यांच्या एकत्रित उत्पादनात २०२० च्या तुलनेत २०२१ मध्ये किती टक्के वाढ झाली? तिने चारही कारखान्यांचे दर काढले: १६.७, २९.५, २५ आणि १२.५. बेरीज करून चारने भागलं आणि २०.९ टक्के लिहिलं. खरं उत्तर बेरजेच्या ओळीतच आहे. ७३६ वरून ८७०, वाढ १३४, म्हणजे सुमारे १८.२ टक्के. पावणेतीन टक्क्यांची ही तफावत आली कुठून? चार दरांची सरासरी काढताना ८४ चा ‘क’ आणि ३०४ चा ‘ड’ यांना तिने सारखं वजन दिलं. खरं तर एकूण उत्पादनात ‘ड’चा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर आहे आणि त्याचाच दर सर्वांत कमी आहे. तो मोठा कारखाना सगळ्यांचा दर खाली ओढतो. टक्क्यांची सरासरी तेव्हाच खरी निघते जेव्हा पाये सारखे असतात. नसतील तर आधी मूळ आकडे एकत्र करावे आणि मग टक्के काढावे.

आता पाचवा प्रश्न. या पानावरचा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडं थांबू. २०१८ ते २०२२ या काळात ‘ब’चा सरासरी वार्षिक वाढीचा दर किती? पर्याय होते ४.८, ६, ७.१ आणि २४. तिने ४.८ निवडला होता. एकूण वाढ २४ टक्के, तक्त्यात वर्षं पाच, म्हणून भागिले पाच. मी तिला हात पुढे करायला सांगितलं आणि बोटांमधल्या फटी मोजायला लावल्या. बोटं पाच, फटी चार. उत्पादनाचे आकडे पाच आहेत, म्हणून सरासरी उत्पादन काढताना पाचने भागायचं. वाढ मात्र दोन वर्षांच्या मधल्या फटीत होते, म्हणून तिथे चारने भागायचं. स्पर्धा परीक्षांत अशा शब्दांत विचारलं, तर एकूण टक्केवारी भागिले फटी हाच अर्थ धरतात. उत्तर ६. चुकणारा नेमका कुठे चुकेल हे ओळखून इतर पर्याय ठेवलेले असतात. ४.८ पाचने भागणाऱ्यासाठी, २४ भागायचंच विसरणाऱ्यासाठी.

आणि ७.१ कोणासाठी? ‘ब’चे दरवर्षीचे दर पाहा. अधिक १०, वजा २०, अधिक २९.५, अधिक ८.८. यांची बेरीज २८.३, भागिले चार ७.१. हा रस्ता वरवर अगदी रास्त वाटतो, म्हणून त्याची परीक्षा घेऊन पाहू. १५० वरून निघालेला कारखाना दरवर्षी खरंच ७.१ टक्क्यांनी वाढत गेला असता, तर चार वर्षांनी तो १९७ वर पोचायला हवा होता. तक्त्यात तो १८६ वर आहे. सहा टक्क्यांनी वाढत गेला असता तरी १८९ झाला असता. १८६ वर नेमका नेऊन सोडणारा दर चक्रवाढीने सुमारे साडेपाच टक्के निघतो. म्हणजे एकाच ओळीतून तीन ‘सरासरी दर’ निघाले: ७.१, ६ आणि ५.५. तिन्ही गणितं बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. चक्रवाढीचा दर हवा असेल तर पेपरात तसं स्पष्ट लिहितात, ‘सीएजीआर’ किंवा ‘चक्रवृद्धि’ असा शब्द घालून.

तिला एवढं पटलं, पण तिने विचारलं, “काका, कोणत्याही रीतीने काढलं तरी पहिला पहिलाच राहील ना? दर बदलतील, क्रम कशाला बदलेल?” मला हा प्रश्न फार आवडला आणि उत्तर याच तक्त्यात आहे. ‘अ’ आणि ‘ब’ शेजारी ठेवा. ‘अ’चे दर आहेत अधिक १२.५, वजा २०, अधिक १६.७ आणि अधिक १९. काटेकोर बेरीज २८.२. ‘ब’ची २८.३. म्हणजे वार्षिक दरांची सरासरी काढली तर ‘ब’ किंचित पुढे. पण चार वर्षांत प्रत्यक्षात वाढला कोण? ‘अ’ २४० वरून ३०० वर गेला, पंचवीस टक्के. ‘ब’ १५० वरून १८६ वर, चोवीस टक्के. इथे ‘अ’ पुढे. क्रमच उलटला.

कारण घसरणीत आहे. २०२० मध्ये दोघंही वीस टक्क्यांनी खाली आले. ‘ब’ पुढच्या एकाच वर्षात मोठी उसळी घेऊन वर आला आणि ती उसळी १३२ या खाली गेलेल्या पायावर मोजली गेली, म्हणून २९.५ हा फुगलेला आकडा सरासरीत शिरला. ‘अ’ने तीच भरपाई दोन वर्षांत विभागून केली. ज्याच्या दरांत चढउतार जास्त, त्याच्या वार्षिक दरांची साधी सरासरी खऱ्या वाढीच्या वर जास्त चढते. २०२० साठी अशी मोठी पडझड दाखवणारा तक्ता समोर आला, की या सापळ्याची मला आधी आठवण होते.

घसरण नसतानाही दर सरळ बेरजेने जुळत नाहीत आणि त्याचा दाखला आमच्याच राज्याच्या जनगणनेत आहे. आजच्या छत्तीसगडच्या हद्दीतली लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १ कोटी ७६ लाख होती. २००१ मध्ये ती २ कोटी ८ लाख झाली आणि २०११ मध्ये २ कोटी ५५ लाख. पहिल्या दशकाचा दर १८.३ टक्के, दुसऱ्याचा २२.६. बेरीज ४०.९ येते. वीस वर्षांची खरी वाढ मात्र पंचेचाळीस टक्के आहे. मधले चार टक्के हरवलेले नाहीत. दुसऱ्या दशकातली वाढ पहिल्या दशकात भर पडलेल्या लोकांवरही झाली, ती बेरजेत धरली गेली नव्हती. महाराष्ट्राचेही दोन दशकांचे दर २२.७ आणि १६ टक्के आहेत. त्यांची बेरीज ३८.७ येते, पण ७.८९ कोटींवरून ११.२४ कोटींपर्यंतची वाढ ४२ टक्क्यांच्या वर जाते. तक्त्यात उत्पादनाऐवजी नुसते वाढीचे दरच दिले असतील, तेव्हा हे ध्यानात ठेवावं लागतं. तिथे १.१८३ आणि १.२२६ चा गुणाकार करायचा असतो. आणि नुसत्या दरांवरून कोणाचं उत्पादन जास्त हे सांगताच येत नाही. तसा प्रश्न आला तर ‘माहिती अपुरी’ हा पर्याय आधी शोधावा.

राहिला तिसरा प्रश्न: पाच वर्षांतलं ‘अ’चं सरासरी उत्पादन किती? तिने पाचही आकडे मांडून बेरीज केली होती, १२७८, भागिले पाच २५५.६. मी तिला याहून हलकी रीत दाखवली. सगळे आकडे २५० च्या आसपास आहेत, तेव्हा २५० धरून फक्त फरक मोजावे: वजा १०, अधिक २०, वजा ३४, अधिक २, अधिक ५०. बेरीज २८, पाचव्या भागाला ५.६, म्हणून २५५.६. आकडे लहान राहतात आणि तोंडी होतं. शिवाय ‘सरासरीपेक्षा जास्त उत्पादन किती वर्षं होतं’ असा पुढचा प्रश्न आला, तर त्याच फरकांवरून उत्तर मिळतं. ५.६ पेक्षा मोठे फरक २० आणि ५० हे दोनच. २०२१ चा २५२ थोडक्यात मागे राहतो.

पण या प्रश्नाचे पर्याय टनांत होते: २५,५६०, २,५५,६०० आणि २५,५६,०००. तिने पहिला निवडला होता. मी विचारलं, “तक्ता शंभर टनांत आहे असं कशावरून धरलंस?” ती पुन्हा फोटो उघडून बसली. शीर्षक नव्हतंच. बाकीच्या चारही प्रश्नांत एककाची गरज पडली नव्हती, कारण टक्के काढताना वरचं आणि खालचं एकक एकमेकांना कापतं. तक्ता टनांत असो, क्विंटलमध्ये असो, ‘क’ची वाढ पन्नास टक्केच राहते. सरासरी मात्र एकक घेऊनच येते. कापल्या गेलेल्या शीर्षकाने चार प्रश्नांत काही बिघडवलं नाही आणि या तिसऱ्यात घात केला. बेरजेच्या ओळीवरून आकडा परत मिळवता येतो, एकक मात्र तक्त्यातल्या कोणत्याच आकड्यावरून मिळत नाही. सरावात पान पुन्हा पाहता येतं. पीओच्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तिथे आधार नसताना पर्याय निवडू नये.

तिने मैत्रिणीला फोन केला. पुस्तक त्या दिवशी सकाळीच परत द्यायचं होतं, पण अजून या मुलीच्याच घरी होतं. या वेळी तिने घरी जाऊन पान खिडकीजवळच्या टेबलावर सपाट ठेवलं, वरची ट्यूबलाइट बंद करून बाजूचा दिवा लावला, चारही कडा फोटोत येतील एवढा मोबाइल वर धरला आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे व्हॉट्सॲपने तो आक्रसून धूसर केला नाही. चकाकीच्या जागी 304 होता. शेवटचा आकडा 368. आणि तक्त्यावर, कडेला चिकटून, बारीक अक्षरांत छापलं होतं: उत्पादन, हजार टन में. दोन मिनिटांनी तिचा निरोप आला, “२,५५,६००. आणि काका, तळाशी एक टीप पण आहे, ती मला कालपासून दिसलीच नव्हती.”